लुकलुकणारं पॅनल आणि डबीवरचे दोन आकडे

छताला लावलेलं एलईडी पॅनल सहसा एका फटक्यात बंद पडत नाही. आधी ते लुकलुकतं. सुरुवातीला बटण दाबल्यावर दोनचार वेळा उघडझाप करून स्थिरावतं, मग महिन्या-दोन महिन्यांत तेही सोडून देतं आणि रात्रभर एका ठेक्यात चालू-बंद होत राहतं. घरातली माणसं वैतागतात, वायरमन येऊन 'पॅनल गेलंय' म्हणतो, दुकानातून नवं पॅनल येतं आणि जुनं भंगारात जातं. त्या जुन्या पॅनलमधले एलईडी मात्र बहुतेकदा ठणठणीत असतात. बिघडलेली असते ती पाठीमागची, तळहातावर मावणारी प्लास्टिकची डबी. तिला ड्रायव्हर म्हणतात. ती साधारणपणे पॅनलच्या किमतीच्या एका अंशात मिळते आणि दोन-चार वायरी जोडल्या की काम भागतं. अट एकच. दुकानात जाऊन नुसतं 'अठरा वॅटचा ड्रायव्हर द्या' म्हणायचं नाही.

का म्हणायचं नाही, हे कळण्यासाठी ही डबी करते काय ते पाहायला हवं. घरात येते ती २३० व्होल्टची एसी वीज. एलईडीला हवी डीसी, आणि तीही मोजून मापून. पांढऱ्या एलईडीचा एक दाणा साधारण ३ व्होल्टच्या आसपास उजळतो. पण हा दाणा मोठा लहरी असतो. व्होल्टेज थोडंसं वाढलं की त्यातून जाणारा करंट थोडासा नव्हे, कितीतरी पटींनी वाढतो. त्यात आणखी एक खोड अशी, की दाणा तापला की त्याला लागणारं व्होल्टेज कमी होतं. म्हणजे व्होल्टेज पक्कं ठरवून दिलं, तर दाणा तापेल, जास्त करंट ओढेल, आणखी तापेल आणि शेवटी जळेल.

म्हणून ड्रायव्हर व्होल्टेज पक्कं करतच नाही. तो करंट पक्का करतो. ३०० मिलिअँपिअरचा ड्रायव्हर पॅनलमधून ३०० मिलिअँपिअरच सोडतो, आणि तेवढा करंट जाण्यासाठी जितकं व्होल्टेज लागेल तितकं आपणहून वरखाली करून घेतो. करंट ड्रायव्हर ठरवतो, व्होल्टेज पॅनल ठरवतं. पूर्वीच्या ट्यूबलाइटमधला चोकही मूळचं हेच काम करायचा. ट्यूब एकदा पेटली की तिच्यातून जाणाऱ्या करंटला आवर घालायचा. फक्त तो तारेच्या वेटोळ्याने ते साधायचा, आणि ड्रायव्हरमध्ये त्यासाठी एक इवलीशी चिप असते जी सेकंदाला हजारो वेळा वीज जोडते-तोडते.

डबीवरच्या लेबलवर याच दोन गोष्टी छापलेल्या असतात. 'इनपुट' या शब्दापुढे घरातल्या विजेची मर्यादा असते, उदाहरणार्थ १०० ते ३०० व्होल्ट एसी. ती भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक ड्रायव्हरची थोड्याफार फरकाने सारखीच असते आणि तिथे घोळ होत नाही. खरा मजकूर 'आउटपुट'पुढे असतो. १८ वॅटच्या पॅनलवर तो असा काही दिसतो: डीसी ३६-६५ व्होल्ट, ३०० एमए. यातला एमए म्हणजे मिलिअँपिअर, तो एकच आकडा असतो. व्होल्टेजचे मात्र दोन आकडे, कारण ती कक्षा आहे. या दोन टोकांच्या मधलं कुठलंही व्होल्टेज मागणारं पॅनल हा ड्रायव्हर चालवू शकतो.

आता एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत सर्वांत वरच्या मजल्यावरचा हॉल. छताला थेट स्क्रूने बसवलेली १८ वॅटची चार गोल पॅनलं, एकाच दिवशी लावलेली. चार वर्षांनी त्यातलं एक लुकलुकायला लागतं, बाकीची तीन शांत आहेत.

शिडीवर चढण्यापूर्वी खाली उभं राहूनच पुष्कळ कळतं. चारही दिवे एकदम थरथरत असतील, तर ड्रायव्हरला दोष देऊ नये. कुठेतरी न्यूट्रलचा सांधा सैल असेल किंवा बटणात ठिणगी पडत असेल, आणि ते काम वायरमनचं आहे, तेही लवकर करून घेण्याचं. बटण बंद केल्यावरही दिवा अंधारात मंद मिणमिणत असेल किंवा मधूनच झपकन चमकत असेल, तरीही ड्रायव्हर बदलून उपयोग नाही. तिथे बहुधा बटणात छोटा इंडिकेटर असतो, किंवा बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडत असतं. त्यातून झिरपणारी किंचित वीज ड्रायव्हरच्या पोटात साठते, पुरेशी साठली की दिवा क्षणभर पेटतो आणि पुन्हा साठवण सुरू होते. आपल्या उदाहरणात मात्र एकच दिवा, बटण चालू असताना, साधारण सेकंदाच्या ठेक्याने उघडझाप करतोय. हे ड्रायव्हरच्या दुखण्याचं सर्वांत नेहमीचं लक्षण आहे.

ठेका असतो याला कारण आहे. ड्रायव्हरमधल्या चिपला स्वतःला चालायला थोडी वीज लागते आणि ती एका छोट्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये साठवलेली असते. या कपॅसिटरच्या आत द्रव असतो आणि उष्णतेने तो वर्षानुवर्षं आटत जातो. साठवण अपुरी पडली की चिप चालू होते, दिवा पेटतो, लगेच चिपचं व्होल्टेज किमान मर्यादेखाली घसरतं, ती स्वतःला बंद करते, कपॅसिटर पुन्हा हळूहळू भरतो, चिप पुन्हा उठते. हे चक्र अखंड चालतं. जाणकारांमध्ये ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य निम्म्यावर येतं. वरच्या मजल्यावरचा, मे महिन्याच्या उन्हात दिवसभर तापलेला स्लॅब, त्याला चिकटून पत्र्याचं पॅनल आणि दोघांच्या बेचक्यात कोंडलेली डबी. एलईडीचे दाणे पंचवीस हजार तासांच्या हमीने छापलेले असले, तरी कपॅसिटरला ते गणित ठाऊक नसतं.

कपॅसिटर तेवढा बदलून ड्रायव्हर पुन्हा चालू करता येतो आणि दुरुस्तीच्या दुकानांत ते करतातही. पण डबीच्या आत, इनपुटच्या बाजूला, सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भरलेला दुसरा एक कपॅसिटर असतो आणि वीज बंद केल्यावरही तो काही वेळ भरलेला राहू शकतो. ज्याच्या हाताला सोल्डरिंगची आणि या धोक्याची सवय नाही त्याने डबी उघडू नये, अख्खी बदलावी.

तरी खात्री करून घ्यायलाच हवी, कारण काही वेळा दोष खरोखर पॅनलच्या पट्टीत असतो. एखाद्या दाण्याच्या आतली केसापेक्षा बारीक तार तुटलेली असते किंवा सोल्डरचा सांधा तडकलेला असतो. गार असताना तो टेकलेला राहतो, दहा मिनिटांत तापला की सुटतो, दिवा विझतो, गार झाला की पुन्हा टेकतो. सगळे दाणे एकाच माळेत असलेल्या पॅनलमध्ये असा एक सांधा अख्खा दिवा लुकलुकवतो. म्हणजे पेटल्यापेटल्या उघडझाप करणारं पॅनल ड्रायव्हरकडे बोट दाखवतं, आणि चांगलं पाच-दहा मिनिटं जळून मग बिघडणारं पॅनल दोघांपैकी कुणाकडेही.

सगळ्यांत सोपी खात्री म्हणजे अदलाबदल. हॉलमध्ये चार सारखी पॅनलं असण्याचा हाच फायदा. वीज बंद करून शेजारच्या चांगल्या पॅनलचा ड्रायव्हर या लुकलुकणाऱ्या पॅनलला जोडायचा. बहुतेक पॅनलांत ड्रायव्हर आणि एलईडीची पट्टी यांच्या मध्ये खुंटीसारखी पिन किंवा दोन टोकांचा कनेक्टर असतो, त्यामुळे वायर तोडावीही लागत नाही. उघडझाप थांबली, तर जुना ड्रायव्हर गेला. चालूच राहिली, तर पट्टीत दोष आहे आणि नवा ड्रायव्हर आणणं म्हणजे पैसे वाया.

जोडीचं पॅनल नसेल आणि हाताशी मल्टिमीटर असेल, तर आणखी एक परीक्षा आहे, मात्र ती चालू विजेवर करायची असल्याने सवयीच्या माणसानेच करावी. मीटर डीसी २०० व्होल्टवर ठेवून ड्रायव्हरच्या आउटपुटच्या दोन वायरींवर, पॅनल जोडलेलं असताना लावायचा आणि दिवा विझण्याच्या क्षणी काटा किंवा आकडा कुठे जातो ते पाहायचं. पेटलेला असताना समजा ५५ व्होल्ट आहेत. विझताना आकडा खाली घसरला, तर ड्रायव्हरनेच हात टेकलेत. विझताना आकडा उसळून ७०-८० कडे गेला, तर ड्रायव्हर जोर लावतोय पण वाट तुटलेली आहे, म्हणजे दोष पट्टीत.

इथे सुरक्षिततेबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण ती अनेक वायरमनसुद्धा गृहीत धरत नाहीत. आउटपुट डीसी आहे, ५५ व्होल्ट आहे, म्हणजे हात लावायला हरकत नाही, हा समज चुकीचा आहे. स्वस्त ड्रायव्हरमध्ये आत ट्रान्सफॉर्मर नसतो. त्यांची आउटपुटची बाजू घरातल्या मुख्य विजेपासून विलग केलेली नसते. दोन आउटपुट वायरींमध्ये ५५ व्होल्ट असले, तरी त्यातली कुठलीही एक वायर आणि जमीन यांच्यामध्ये जीवघेणं व्होल्टेज असू शकतं. आउटपुटची बारीक वायरही फेजची वायर समजूनच हाताळावी.

आपल्या हॉलमध्ये अदलाबदलीने सिद्ध झालं, की ड्रायव्हर गेलाय. लेबल वाचता येतंय: डीसी ३६-६५ व्होल्ट, ३०० एमए. आता दुकान.

दुकानदार बहुधा वॅटवरून ड्रायव्हर काढतो आणि घोळ इथेच होतो. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. ६० व्होल्ट आणि ०.३ अँपिअर यांचा गुणाकार १८ येतो, तसाच ४० व्होल्ट आणि ०.४५ अँपिअर यांचाही १८ येतो. दोन्ही डब्यांवर ठळक अक्षरांत १८ वॅटच लिहिलेलं असतं, पण त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. आपल्या पॅनलमध्ये समजा १८ दाण्यांची एक माळ आहे आणि अशा पाच माळा शेजारी-शेजारी जोडलेल्या आहेत. १८ दाण्यांना प्रत्येकी ३.१ व्होल्ट धरले तर पॅनल साधारण ५६ व्होल्ट मागतं. ३०० मिलिअँपिअर पाच माळांत वाटले जाऊन प्रत्येकीच्या वाट्याला ६० येतात. ५६ गुणिले ०.३ म्हणजे जवळपास १७ वॅट, हे झालं '१८ वॅटचं' पॅनल.

याला २४-४० व्होल्ट, ४५० एमएचा १८ वॅट ड्रायव्हर जोडला तर काय होईल? तो ४० व्होल्टच्या आसपासच थांबतो, माळ पेटायला त्याहून जास्त लागतात. दिवा एक तर पेटणारच नाही, किंवा ड्रायव्हर पुन्हापुन्हा प्रयत्न करून थकेल आणि दिवा पुन्हा लुकलुकेल. माणूस म्हणतो, नवा ड्रायव्हरही खराब निघाला. ड्रायव्हर चांगलाच असतो, जोडी चुकलेली असते.

उलट प्रकारही होतो आणि तो जास्त महाग पडतो. व्होल्टेजची कक्षा जुळते पण करंट जास्त, समजा ३०० ऐवजी ४५० एमए. दिवा झकास पेटतो, आधीपेक्षा उजळ. घरात सगळे खूश. पण प्रत्येक दाण्यातून दीडपट करंट जातोय, पत्रा आधीपेक्षा बराच जास्त तापतोय, आणि काही महिन्यांत दाण्यांवर काळे ठिपके दिसू लागतात. पाचपैकी एक माळ तुटली की तिच्या वाट्याचा करंट उरलेल्या चारांवर पडतो आणि मग त्यांचीही पाळी लवकर येते.

म्हणून निवडीचा क्रम असा ठेवावा. आधी करंट: मूळ लेबलइतकाच, किंवा नाइलाज असेल तर थोडा कमी. ३०० च्या जागी २८० चालतो, प्रकाश किंचित कमी होतो आणि डोळ्यांना तो फरक सहसा कळतही नाही. ३५० घेऊ नये. नंतर व्होल्टेज: नव्या ड्रायव्हरच्या कक्षेत पॅनलचं प्रत्यक्ष व्होल्टेज आरामात बसलं पाहिजे, दोन्ही टोकांपासून थोडं आत. लेबलवरची कक्षा हुबेहूब तीच असायला हवी असं नाही. आणि वॅट? तो सगळ्यात शेवटी, जवळजवळ दुर्लक्ष करावा इतका शेवटी. दुकानात ५०-८५ व्होल्ट, ३०० एमए असा २४ वॅटचा ड्रायव्हर असेल, तर तो आपल्या १८ वॅटच्या पॅनलला बिनधास्त चालेल. करंट तोच आहे आणि ५६ व्होल्ट कक्षेत बसतात. ड्रायव्हर २४ वॅट 'ढकलत' नाही, पॅनल १७ मागतं तेवढेच देतो. याउलट १२ वॅटचा, २५-४२ व्होल्ट, ३०० एमए असलेला ड्रायव्हर करंट जुळूनही निकामी, कारण तो ५६ पर्यंत पोचतच नाही.

शोभेच्या एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारा १२ किंवा २४ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर मात्र कुठल्याच परिस्थितीत आणू नये. तो व्होल्टेज पक्कं करणारा आहे, करंट नव्हे. त्या पट्ट्यांवर करंट आवरणारे रेझिस्टर वेगळे बसवलेले असतात, पॅनलच्या माळेत ते नसतात.

लेबलच उडून गेलं असेल तर? उष्णतेने शाई पुसली जाते, स्टिकर गळून पडतो. शेजारचं चांगलं पॅनल असेल तर त्याच्या डबीवरून वाचावं, तेही नसेल तर चालू असताना त्याचं आउटपुट व्होल्टेज मोजावं. करंट मोजायचा असेल, तर वीज बंद करून मीटर एका आउटपुट वायरीच्या मध्ये जोडावा लागतो आणि इथे एक लहानसा सापळा आहे. बाजारातल्या साध्या मीटरचा मिलिअँपिअरचा सॉकेट २०० पर्यंतचाच असतो. त्यात ३०० सोडले की आतला फ्यूज उडतो. लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये घालावी, मग पडद्यावर ०.३० दिसेल. मोजून झालं की वायर लगेच पूर्वीच्या सॉकेटमध्ये परत न्यावी, नाही तर पुढच्या वेळी व्होल्टेज मोजताना सरळ शॉर्ट होईल.

मीटर नसेल, तर एलईडीच्या पट्टीकडे नीट पाहावं. तिच्या कोपऱ्यात अनेकदा बारीक अक्षरांत आकडे आणि इंग्रजी सी-बी ही अक्षरं छापलेली असतात, जसं '५बी १८सी'. पट्टी चीनमध्ये आखलेली असते आणि तिथल्या प्रथेप्रमाणे सी म्हणजे एका माळेतले दाणे, बी म्हणजे शेजारी-शेजारी असलेल्या माळा. सीच्या आकड्याला ३.१ ने गुणलं की व्होल्टेजचा अंदाज येतो. तो अंदाजच समजावा, कारण काही दाण्यांच्या पोटात दोन-तीन चिप असतात आणि ते प्रत्येकी ६ किंवा ९ व्होल्ट घेतात.

खरेदी करताना आणखी एक पाहायचं. ड्रायव्हर भारतात भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीखाली येतात. लागू असलेलं मानक आयएस १५८८५, भाग २, विभाग १३. नोंदणी झालेल्या डबीवर मानकचिन्हाशेजारी 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो आणि ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये तो टाकून तपासता येतो. नुसत्या पांढऱ्या, काहीही न छापलेल्या डब्याही मिळतात आणि चालतातही, पण त्यांच्यावरचा ३०० चा आकडा खरोखर ३०० असेलच असं नाही. पॅनल हमीच्या मुदतीत असेल, तर अर्थातच हा सगळा खटाटोप न करता ते बिलासह दुकानात न्यावं.

आता काम. फक्त बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या घरांत बटण न्यूट्रलवर असण्याची शक्यता असते आणि मग बटण बंद असूनही दिव्यापर्यंत फेज पोचलेला राहतो. त्या खोलीचा एमसीबी पाडावा, घरातल्यांना सांगून ठेवावं, आणि पॅनल उतरवल्यावर टेस्टर लावून पाहावा. टेस्टर चालतो का, हे आधी चालू सॉकेटमध्ये तपासलेलं बरं. पॅनल छताला लावलेल्या पट्टीवर एक तर कडेच्या दोन छोट्या स्क्रूंनी किंवा किंचित फिरवून अडकवलेलं असतं. ते सुटलं की वायरींवर लोंबकळू देऊ नये, दुसऱ्या कुणीतरी खालून धरावं.

जुन्या डबीला चार वायरी दिसतील. दोन छताकडून येणाऱ्या, दोन पट्टीकडे जाणाऱ्या. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण नव्या डबीवरच्या वायरींचे रंग निराळे असू शकतात आणि इनपुटचे लाल-काळे व आउटपुटचे लाल-काळे सारखेच दिसतात. चुकून आउटपुटच्या वायरींवर २३० व्होल्ट गेले तर नवा ड्रायव्हर जागच्या जागी संपतो. रंगावर नव्हे, डबीवर त्या टोकाला काय छापलंय त्यावर भरवसा ठेवावा. इनपुटला फेज-न्यूट्रल उलटसुलट झाले तरी दिवा चालतो. आउटपुटला मात्र अधिक-उणे पाळावंच लागतं, उलट जोडलं तर पॅनल पेटत नाही.

पिन जुळत नसेल, आणि बरेचदा ती जुळत नाही, तर जुन्या डबीची आउटपुट वायर पिनपासून चार बोटं सोडून तोडावी आणि ती पिन नव्या डबीच्या वायरीला जोडावी. लालला लाल, काळ्याला काळी, वायर सोलून घट्ट पीळ, शक्य तर सोल्डर आणि वर आकसणारी नळी किंवा नीट गुंडाळलेली इन्सुलेशन टेप. दोन सांधे एकमेकांसमोर येऊ नयेत म्हणून एक वायर थोडी आखूड तोडतात. पॅनलचं अंग पत्र्याचं असेल आणि त्याला हिरवी वायर असेल, तर ती अर्थिंगला जोडलेलीच राहिली पाहिजे.

यानंतरची एक पायरी अगदी साधी दिसते, पण तिच्यात चुकलं तर चांगलं पॅनल हातचं जातं. आधी पट्टी ड्रायव्हरला जोडायची, मग वीज चालू करायची. उलट क्रम कधीही नको. काही न जोडता ड्रायव्हर चालू केला, की करंट जायला वाटच नसते आणि तो व्होल्टेज चढवत आपल्या वरच्या मर्यादेपर्यंत नेतो. आउटपुटचा कपॅसिटर त्या चढ्या व्होल्टेजला भरून बसतो. अशा क्षणी पट्टीची पिन खुपसली, तर तो सगळा साठा एका झटक्यात दाण्यांमधून जातो. नवा ड्रायव्हर 'चालतोय का बघू' म्हणून खालीच सॉकेटला लावून, मीटरने तपासून मग पॅनलला जोडणाऱ्यांच्या हातून हे घडतं. तसा तपासलाच असेल, तर वीज काढून काही मिनिटं थांबावं आणि आउटपुटवर व्होल्टेज उरलेलं नाही याची मीटरवर खात्री करावी.

डबी परत बसवताना ती एलईडीच्या पत्र्याला चिकटवू नये. पत्रा हीच पॅनलमधली सगळ्यात तापणारी जागा. जुनी डबी तिथे डबल टेपने चिकटवलेली असली तरी नवी शक्यतो पॅनलच्या कडेला किंवा पीओपीच्या पोकळीत, हवा खेळेल अशी ठेवावी. वरच्या मजल्यावरच्या आपल्या हॉलमध्ये तर हे नक्की करावं, कारण पहिली डबी ज्या उष्णतेने गेली ती उष्णता तिथेच आहे.

मग एमसीबी चढवून दिवा अर्धा तास जळू द्यावा. एकदाच लुकलुकला नाही म्हणून लगेच शिडी उचलू नये, तापल्यावरच खरी परीक्षा होते. शेजारच्या तिघांपेक्षा तो ठळकपणे उजळ दिसला, तर करंट जास्त आहे, लेबल पुन्हा वाचावं. मोबाइलचा कॅमेरा त्याच्याकडे रोखल्यावर पडद्यावर जाडजूड काळे पट्टे सरकताना दिसले आणि बाकीच्या पॅनलांवर तसे दिसले नाहीत, तर ड्रायव्हरचा डीसी पुरेसा गुळगुळीत नाही. प्रकाश सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतोय. डोळ्यांना तो थेट कळत नाही, पण वाचायला बसायच्या खोलीत असा ड्रायव्हर बदलून घेतलेला चांगला.

एका प्रकारच्या पॅनलला मात्र हे सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. बटण पुन्हापुन्हा दाबलं की पांढरा, पिवळसर आणि मधला असा रंग बदलणारी पॅनलं हल्ली पुष्कळ घरांत आहेत. त्यांच्यात दोन रंगांच्या वेगळ्या माळा असतात आणि ड्रायव्हरमधून दोनऐवजी तीन वायरी निघतात, एक सामाईक आणि प्रत्येक माळेची एकेक. तिथे तीन वायरींचाच, तोच करंट आणि तीच कक्षा असलेला ड्रायव्हर लागतो, आणि सामाईक वायर अधिकची आहे की उण्याची, हेही जुळावं लागतं. तो सगळ्या दुकानांत मिळत नाही. न मिळाल्यास दोन वायरींचा साधा ड्रायव्हर एकाच माळेला जोडून पॅनल एकाच रंगात चालवता येतं, बशर्ते त्या एका माळेचा करंट पट्टीवर किंवा जुन्या लेबलवर स्पष्ट लिहिलेला असेल. लिहिलेला नसेल, तर ते पॅनल बदललेलंच बरं.